नवी वस्तू म्हणजे स्किमिंगच का? किंमत पद्धतीचे प्रश्न कसे सोडवायचे

प्रश्न: मी बीबीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मार्केटिंगच्या एमसीक्यूमध्ये व्याख्या विचारली की जमतं. पण ‘एक कंपनी अमुक वस्तू बाजारात आणते आहे, कोणती किंमत पद्धत योग्य?’ असा प्रश्न आला की कॉस्ट-प्लस, पेनिट्रेशन आणि स्किमिंगमध्ये गोंधळ उडतो. नवी वस्तू असेल तर स्किमिंग आणि स्वस्त असेल तर पेनिट्रेशन असं धरून चालतो, तरी निम्मी उत्तरं चुकतात. नेमकं काय बघायचं?

उत्तर: ते दोन्ही ठोकताळे आधी टाकून द्या. स्किमिंग आणि पेनिट्रेशन ही जोडी मुळातच नव्या वस्तूसाठी मांडली गेली. जोएल डीन या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९५० साली नव्या वस्तूंच्या किमतींवर लेख लिहिला, त्यात हे दोन मार्ग समोरासमोर ठेवले: सुरुवातीला किंमत उंच ठेवून पुढे उतरवत नेणं म्हणजे स्किमिंग, आणि सुरुवातीलाच कमी ठेवून बाजारात पटकन शिरणं म्हणजे पेनिट्रेशन. त्यामुळे प्रश्नात ‘नवीन’ हा शब्द आला तर दोन्ही पर्याय उभे राहतात एवढंच. त्यातला कुठला, हे तो शब्द सांगत नाही. किंमत कमी आहे की जास्त, यावरूनही निर्णय होत नाही. ती तशी का ठेवली, हे कारण महत्त्वाचं, आणि ते प्रश्नात कुठेतरी अर्ध्या ओळीत दिलेलं असतं. मी बरीच वर्षं ग्राहकोपयोगी वस्तूंच्या किमती ठरवण्याचं काम केलं आणि आता कॉलेजांसाठी प्रश्नही काढतो, म्हणून खात्रीने सांगतो: प्रश्न काढणारा ती अर्धी ओळ आधी ठरवतो, कंपनी आणि वस्तू नंतर तिच्याभोवती रचतो.

एकच उदाहरण घेऊ आणि तिन्ही पद्धती त्यावरच लावून पाहू. आकडे मी सोपे धरले आहेत, पण हिशोबाची रीत खरी आहे.

सांगलीजवळचा एक कारखाना बॅटरीवर चालणारा, पाठीवर घ्यायचा फवारणी पंप बनवतो. एका पंपाला बॅटरी, मोटर, टाकी, नळी, मजुरी धरून १,८०० रुपये लागतात. हा बदलता खर्च. जागेचं भाडं, साचे, पगार, कर्जाचे हप्ते मिळून वर्षाला १२ लाख रुपये जातात, पंप एक विका की हजार. हा स्थिर खर्च. मालकाचा अंदाज आहे की वर्षाला २,००० पंप जातील. मग १२ लाख भागिले २,००० म्हणजे प्रत्येक पंपावर ६०० रुपये स्थिर खर्च येतो आणि एकूण खर्च पडतो २,४०० रुपये.

कॉस्ट-प्लसमध्ये यावर ठरलेला टक्का चढवायचा, की झालं. पण ‘२० टक्के’ म्हटलं की लगेच गुणाकार करू नका. कशावर २० टक्के, ते बघा. खर्चावर २० टक्के मार्कअप असेल तर किंमत २,४०० × १.२० = २,८८०. विक्री किमतीवर २० टक्के मार्जिन हवं असेल तर २,४०० ÷ ०.८० = ३,०००. एकाच पंपावर १२० रुपयांचा फरक पडला. चाचणीत चारपैकी दोन पर्याय बहुधा हेच दोन आकडे असतात आणि घाईत असलेला विद्यार्थी पहिला दिसेल तो टिक करतो. पडताळा सोपा आहे: ३,००० पैकी ६०० नफा, म्हणजे बरोबर पाचवा हिस्सा. २,८८० पैकी ४८० नफा, हा विक्री किमतीचा सहावा हिस्सा झाला.

कॉस्ट-प्लसचा खरा दोष मात्र या टक्क्यात नाही, तो २,००० या आकड्यात आहे. किती विकलं जाईल हे किमतीवर अवलंबून, आणि इथे किंमत काढताना किती विकलं जाईल हे आधीच धरलेलं. समजा २,८८० ला गिऱ्हाईक बिचकलं आणि १,००० पंपच गेले. आता स्थिर खर्च पंपामागे १,२०० झाला, एकूण खर्च ३,०००, आणि प्रत्येक पंपावर १२० रुपये तोटा. पद्धत इमानदारीने पाळायची तर मालकाने पुढच्या वर्षी ३,००० वर २० टक्के चढवून ३,६०० लावायला हवेत. मग आणखी कमी पंप जाणार. मागणी घटत असताना किंमत वाढवायला लावणारी ही पद्धत आहे. ‘कॉस्ट-प्लसची मुख्य मर्यादा कोणती?’ या प्रश्नाचं उत्तर ‘मागणी आणि स्पर्धा यांकडे दुर्लक्ष’ असतं, ते या हिशोबामुळे.

मग ती वापरतं कोण? जिथे मागणीचा प्रश्न आधीच सुटलेला असतो, ते. ठरलेला एकच खरेदीदार आहे, काम आगळं आहे, बाजारात त्याचा भाव नाही आणि खर्च किती येईल हे आधी सांगता येत नाही: संरक्षण खात्यासाठी विकसित करायचं यंत्र, एखादं अवघड बांधकाम, एखाद्याच गिऱ्हाइकासाठी बनवलेलं फर्निचर. किंवा जिथे नियामक किंमत ठरवून देतो तिथे. विजेचं उदाहरण आपल्या रोजच्या बिलातलं आहे. वीज कायदा २००३ च्या कलम ६२ खाली नियामक आयोग दर ठरवतो. कंपनीचा इंधनाचा, देखभालीचा, व्याजाचा मान्य झालेला खर्च आणि त्यावर भागभांडवलाचा ठरावीक परतावा, असा तो हिशोब असतो. त्याच कायद्याच्या कलम ६३ मध्ये स्पर्धात्मक निविदांतून आलेला दर आयोग स्वीकारतो. ते कॉस्ट-प्लस नव्हे. कलम ६२ च्या सुनावण्यांत आयोग ‘हा खर्च खरंच गरजेचा होता का’ अशी छाननी करतो, कारण खर्च वाढला तरी तो भरून मिळणार असेल तर तो कमी करायची कंपनीला घाई नसते. हीही कॉस्ट-प्लसची मर्यादा, आणि ‘खर्चात काटकसर करायला उत्तेजन मिळत नाही’ अशा शब्दांत ती पर्यायांत येते.

थोडक्यात, प्रश्नात एकच खरेदीदार, कंत्राट, नियामक, ‘न्याय्य परतावा’ किंवा ‘मागणीचा अंदाज उपलब्ध नाही, पण खर्चाची नोंद पक्की आहे’ असं काही आढळलं तर कॉस्ट-प्लस.

आता स्किमिंगसाठी त्याच पंपात एक बदल करू. कारखानदाराने असा नोझल बनवला की द्राक्षाच्या घडावर औषध एकसारखं बसतं आणि वाया जात नाही. त्याचं पेटंट मिळालं. तासगाव, नाशिककडच्या निर्यात करणाऱ्या बागायतदाराला एका हंगामात फवारणीवर जो खर्च येतो, त्यापुढे पंपाची किंमत किरकोळ असते. तो ४,५०० रुपये देईल. ज्वारी-सोयाबीनवाला देणार नाही. म्हणजे बाजारात दोन थर आहेत आणि वरच्याला घाई आहे. पहिल्या वर्षी ४,५०० ला ८०० पंप गेले असं धरा. प्रत्येकावर बदलता खर्च जाऊन २,७०० उरतात. एकूण २१ लाख ६० हजार, त्यातून स्थिर १२ लाख गेले की नफा ९ लाख ६० हजार.

आता मागे जाऊन २,८८० ला २,००० पंप विकल्याचा नफा काढा. ४८० × २,००० = ९ लाख ६० हजार. तेवढाच! मग स्किमिंगने काय साधलं? ८०० पंप बनवून २,००० पंपांइतका नफा मिळाला, आणि मोठा थर अजून शिल्लक आहे. पुढच्या वर्षी ३,६०० ला ऊस आणि डाळिंबवाले, त्यानंतर ३,००० च्या आसपास बाकीचे. किंमत अशी टप्प्याटप्प्याने खाली आणणं हा स्किमिंगचा अर्धा भाग आहे, आणि विद्यार्थी तोच विसरतात.

हे जमायला दोन गोष्टी हव्यातच. जास्त पैसे देणारा वेगळा गट असला पाहिजे आणि नक्कल करणाऱ्याला काही काळ तरी अडवता आलं पाहिजे; पेटंट, अवघड तंत्रज्ञान किंवा दुर्मीळ कच्चा माल यांपैकी काहीतरी. पेटंट काढून टाका, आणि कोल्हापूर किंवा राजकोटचा कुणीतरी तोच पंप तीन महिन्यांत ३,००० ला आणेल. मग तुमचे ४,५०० म्हणजे त्याला धाडलेलं आमंत्रण ठरतं. आणखी एक खूण बहुतेकांच्या नजरेतून सुटते: ‘सुरुवातीला उत्पादनक्षमता मर्यादित आहे.’ वर्षाला ८०० च पंप बनू शकत असतील तर स्वस्त विकून रांग लावण्यात अर्थ नाही. ही ओळ दिसली की स्किमिंगकडे झुका.

टप्प्यांचा वेगही सांभाळावा लागतो. पहिला आयफोन जून २००७ मध्ये अमेरिकेत आला तेव्हा ८ जीबीचा फोन ५९९ डॉलरला होता. सप्टेंबरात तो ३९९ वर आणला. स्किमिंगच, पण उतार इतका तातडीचा होता की आधी घेणारे संतापले आणि ॲपलला त्यांना १०० डॉलरचं स्टोअर क्रेडिट द्यावं लागलं. चाचणीत हे उदाहरण स्किमिंग म्हणूनच येतं. ‘स्किमिंगचा धोका’ विचारला तरी हेच कामी येतं.

जास्त किमतीचा दुसरा प्रकार यात मिसळू नका. महागडं घड्याळ, डिझायनर पर्स यांची किंमत वर असते आणि वरच ठेवली जाते, कारण ती उतरली तर वस्तूची शानच जाते. ती प्रीमियम किंवा प्रेस्टिज किंमत. पर्यायांत स्किमिंग आणि प्रेस्टिज दोन्ही असतील तर एवढंच बघा: किंमत पुढे उतरणार आहे असं प्रश्न सुचवतो का? ‘सुरुवातीला’, ‘प्रथम’, ‘संशोधनाचा खर्च लवकर वसूल’ असे शब्द असतील तर स्किमिंग. ‘प्रतिष्ठा’, ‘कायम’, ‘दर्जाची प्रतिमा’ असतील तर प्रेस्टिज.

आता तिसरा मार्ग, पेनिट्रेशन. पेटंट नाही, पंप साधाच आहे, बाजारात आणखी चार-पाच कंपन्यांचे असेच पंप आहेत आणि शेतकरी दुकानात उभा राहून पन्नास रुपयांसाठी घासाघीस करतो. मालक म्हणतो, २,२०० ला विकू. आपला एकूण खर्च २,४०० काढला होता, म्हणजे हा तोट्याचा धंदा वाटतो. पण तो २,४०० फक्त २,००० पंपांसाठी खरा होता.

२,२०० ला विकून आधीइतकाच, म्हणजे ९ लाख ६० हजार नफा हवा असेल तर किती पंप विकावे लागतील? पंपामागे ४०० उरतात आणि १२ लाख अधिक ९ लाख ६० हजार भरून काढायचे आहेत. उत्तर येतं ५,४००. मागणी जवळजवळ पावणेतीनपट व्हायला हवी, आणि किंमत उतरवली आहे फक्त चोवीस टक्क्यांच्या आसपास. हे फार अवघड आहे. पण मोठ्या संख्येने बॅटऱ्या आणि मोटरी घेतल्यामुळे बदलता खर्च १,८०० वरून १,६०० वर आला तर? पंपामागे ६०० उरतात आणि ३,६०० पंपांत काम होतं. ४,००० गेले तर नफा १२ लाख.

पेनिट्रेशनच्या प्रश्नात ‘उत्पादन वाढेल तसा प्रतिनग खर्च घटतो’ ही ओळ का असते, ते ५,४०० आणि ३,६०० या दोन आकड्यांत दिसतं. कमी किमतीने मागणी वाढते हे झालं अर्धं. खर्चही सोबत उतरला तरच हिशोब बसतो. म्हणून प्रश्नात या दोन्ही खुणा शोधा: ग्राहक किमतीला संवेदनशील, आणि मोठ्या उत्पादनात बचत. सोबत ‘बाजारातला हिस्सा लवकर मिळवायचा आहे’ किंवा ‘प्रतिस्पर्धी लवकरच येतील’ असं असेल तर शंका उरत नाही.

आणि पेनिट्रेशन कुठे नाही चालत? किमतीवरूनच दर्जा जोखला जातो तिथे. परफ्यूम, लग्नाचं केटरिंग, सल्लागाराची फी. तिथे फार स्वस्त म्हटलं की गिऱ्हाईक मागे सरतं. कारखान्याची क्षमता नसेल तरी नाही. दुकानात माल संपला आणि लोक शेजारच्या ब्रँडकडे वळले, तर किंमत उतरवून तुम्ही दुसऱ्याचंच गिऱ्हाईक तयार केलंत.

आपल्याकडचं ठळक उदाहरण जिओचं. सप्टेंबर २०१६ मध्ये सेवा सुरू झाली, आधी डिसेंबरअखेर आणि मग मुदत वाढवून मार्च २०१७ पर्यंत ती मोफत होती, त्यानंतर स्वस्त दर लागले. फेब्रुवारी २०१७ मध्ये कंपनीने दहा कोटी ग्राहकांचा टप्पा जाहीर केला. इथे परिस्थिती पाठ्यपुस्तकात शोभावी अशी होती: टॉवर आणि स्पेक्ट्रमचा स्थिर खर्च अवाढव्य, एक ग्राहक वाढल्याचा खर्च नगण्य, आणि भाव बघून सिम बदलणारा ग्राहक. पुढे २०१९ च्या डिसेंबरपासून दर वाढत गेले, तेही पेनिट्रेशनला धरूनच. एकदा स्वस्ताची सवय लागलेला ग्राहक वाढीवर कुरकुरतो, हा त्या पद्धतीचा कायमचा त्रास.

याच उदाहरणावर ‘प्रिडेटरी प्रायसिंग’ हा पर्याय टाकून फसवलं जातं. प्रिडेटरी म्हणजे स्पर्धकाला संपवायच्या किंवा स्पर्धा कमी करायच्या हेतूने खर्चाखाली विकणं, आणि भारतीय स्पर्धा कायद्यात ते वर्चस्व असलेल्या कंपनीच्या गैरवापराखाली येतं. एअरटेलने जिओविरुद्ध तशी तक्रार केली होती. स्पर्धा आयोगाने २०१७ मध्ये ती फेटाळली, कारण नव्याने आलेल्या जिओचं त्या बाजारात वर्चस्व नव्हतं. चाचणीत ‘नवा प्रवेश’ असेल तर पेनिट्रेशन; ‘आधीच बाजारावर पकड असलेली कंपनी, स्पर्धक बाहेर पडेपर्यंत खर्चाखाली’ असं असेल तर प्रिडेटरी.

स्वस्त दिसणारं आणखी एक फसवं उदाहरण म्हणजे टाटा नॅनो. २००९ मध्ये आलेली ही एक लाखाची गाडी पाहून विद्यार्थी डोळे मिटून पेनिट्रेशन लिहितात. तिथे एक लाख हा आकडा आधी ठरला आणि गाडी त्यात बसवायची म्हणून अभियंत्यांनी सुटे भाग नव्याने आखले. ही टार्गेट कॉस्टिंग. आपल्या पंपात सांगायचं तर: दुकानदार म्हणाला २,५०० च्या वर जाणार नाही, मालकाला त्यातले २० टक्के हवेत, म्हणजे ५०० बाजूला, आता पंप २,००० च्या आत बनवून दाखवा. कॉस्ट-प्लस खर्चाकडून किमतीकडे जातं, हे किमतीकडून खर्चाकडे येतं. ‘बाजारभावातून अपेक्षित नफा वजा करून’ अशी शब्दरचना दिसली की तेच उत्तर.

दिवाळीची ‘पहिले पंधरा दिवस २० टक्के सूट’ ही पेनिट्रेशन नाही. ती प्रमोशनल किंमत. मूळ किंमत तशीच उभी असते.

राहिले ते प्रश्न, ज्यांत खुणा एकमेकींना छेद देतात. असा एक सोडवून बघू. ‘एका कंपनीने दुकानदार आणि घरपोच डिलिव्हरी करणारे यांना जोडणारं ॲप बनवलं आहे. तंत्रज्ञानावर पेटंट आहे. जितके जास्त दुकानदार जोडले जातील तितकं ॲप डिलिव्हरीवाल्यांना उपयोगी, आणि उलटही. कोणती पद्धत?’ पेटंट हा शब्द स्किमिंगकडे ओढतो. पण स्किमिंग करायचं तर वरच्या थरातल्या थोड्या लोकांना विकून थांबता आलं पाहिजे, आणि इथे थोडेच दुकानदार असतील तर ॲपला किंमतच उरत नाही; जो ४,५०० देऊ शकतो त्यालाही ते निरुपयोगी. बागायतदाराचा पंप शेजाऱ्याने घेतला नाही तरी चालतो, हे ॲप चालत नाही. उत्तर पेनिट्रेशन. पेटंटची ओळ प्रश्न काढणाऱ्याने मुद्दाम टाकलेली असते, आणि तसं असेल तेव्हा तिच्या पुढचंच वाक्य सहसा तिला खोडून काढतं.